विश्लेषण : गोठलेली जमीन वितळतेय म्हणून टाकी फुटली, की पाया कच्चा होता म्हणून?

२९ मे २०२० रोजी रशियाच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर असलेल्या नॉरिल्स्क शहराजवळच्या औष्णिक वीज केंद्रात डिझेलची एक अवाढव्य टाकी खालून खचली आणि फुटली. सुमारे २१ हजार टन डिझेल बाहेर पडले. आपल्या रस्त्यांवर दिसणारा मोठा टँकर साधारण २० हजार लिटरचा असतो; असे बाराशेहून अधिक टँकर एकाच जागी रिकामे केल्यासारखे हे होते. त्यातले सुमारे ६ हजार टन जमिनीत मुरले आणि १५ हजार टन पाण्यात गेले. अंबारनाया नदीचे पाणी लाल-तपकिरी झाले. उपग्रहाच्या छायाचित्रांत तो पट्टा स्पष्ट दिसत होता.

टाकीच्या मालक कंपनीने, म्हणजे निकेल आणि पॅलेडियमच्या उत्पादनात जगात आघाडीवर असलेल्या नॉरनिकेलने, सुरुवातीला एक कारण पुढे केले. तापमानवाढीमुळे टाकीखालची कायम गोठलेली जमीन वितळली आणि आधाराचे खांब खचले, असे ते कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियाच्या औद्योगिक सुरक्षा यंत्रणेने, रोस्तेखनादझोरने, चौकशीचे निष्कर्ष मांडले. त्यांत आराखड्यातल्या त्रुटी, पायाच्या बांधकामातले दोष आणि वापराच्या काळातली अपुरी देखरेख यांवर बोट ठेवले होते.

मग खरे काय? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मात्र त्यांतली कोणती आधी सांगायची, यावर भरपाई कोणी द्यायची हे ठरते. त्यासाठी ही जमीन नेमकी कशी वागते, हे समजून घ्यायला हवे.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे नेमके काय?

सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती माती असेल, रेती असेल किंवा खडकही असेल. व्याख्या तापमानाची आहे, बर्फाची नाही. त्यामुळे एका ठिकाणी पर्माफ्रॉस्टमध्ये बर्फाचा कणही नसतो, तर दुसरीकडे जमिनीच्या पोटात घरापेक्षा उंच बर्फाच्या पाचरी असतात. पुढे काय बिघडणार, हे मुख्यतः या फरकावर अवलंबून असते.

उत्तर गोलार्धातल्या जमिनीपैकी सुमारे १५ टक्के भागाखाली पर्माफ्रॉस्ट आहे. तो किती खोल जातो, याचा अंदाज याकुत्स्क शहरातल्या एका विहिरीवरून येतो. फ्योदोर शेर्गिन या व्यापारी कंपनीच्या माणसाने १८२७ मध्ये पाण्यासाठी ती खणायला घेतली. दहा वर्षे खोदकाम चालले, खोली ११६ मीटरवर गेली, तरी जमीन गोठलेलीच होती. पाणी लागलेच नाही. पण १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्या विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजले आणि पर्माफ्रॉस्टच्या अभ्यासाला पक्की आकडेवारी मिळाली.

या गोठलेल्या थराच्या वर एक पातळ थर असतो, तो दर उन्हाळ्यात वितळतो आणि दर हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. तो कुठे फूटभर असतो, कुठे एक-दोन मीटर. टुंड्रातले सगळे जगणे या थरात चालते.

टुंड्राचे जीवन त्यावर कसे उभे आहे?

टुंड्रा प्रदेशाच्या मोठ्या भागात वर्षाला २५० मिलिमीटरही पाऊस-बर्फ पडत नाही. आपल्या माणदेशातल्या सरासरीपेक्षाही हे कमी. तरीही उन्हाळ्यात तिथे जिकडे पाहावे तिकडे डबकी, दलदल आणि तळी दिसतात. कारण सोपे आहे. खाली गोठलेला थर असल्याने पाण्याला मुरायला वाट नाही. बशीत ओतल्यासारखे ते वरच्या थरात साचून राहते. पर्माफ्रॉस्ट नसता तर या प्रदेशाचा मोठा भाग कोरडा माळ झाला असता.

या पाण्यामुळे शेवाळ, कापूसगवत आणि गुडघाभर उंचीचे खुरटे बर्च-विलो वाढतात. मुळांना खाली जाता येत नाही, म्हणून ती आडवी पसरतात. उंच झाडाला इथे पाय रोवताच येत नाहीत. डबक्यांतले किडे-डास खाण्यासाठी हजारो किलोमीटरवरून पाणपक्षी येतात आणि इथे अंडी घालतात. आर्क्टिक कोल्हा बिळासाठी रेताड उंचवटा शोधतो, कारण तिथे पाण्याचा निचरा होतो आणि वितळलेला थर खोल असतो. तशी जागा सापडली की पिढ्यान् पिढ्या तेच बीळ वापरले जाते.

हा व्यवहार एकतर्फी नाही. जमीन वनस्पतींना पाणी धरून देते, तशा वनस्पती जमिनीला गार ठेवतात. कोरडे शेवाळ थर्मोकोलसारखे काम करते, उन्हाळ्यातली उष्णता खाली जाऊ देत नाही. हिवाळ्यात तेच शेवाळ ओले होऊन गोठते आणि उष्णता सहज बाहेर सोडते. म्हणजे उन्हाळ्यात दार बंद, हिवाळ्यात दार उघडे. म्हणूनच टुंड्रात एखाद्या अवजड वाहनाने शेवाळाचा थर खरवडला, की त्या चाकोरीत जमीन वितळू लागते, खचते, पाणी साचते. ते पाणी आणखी उष्णता शोषते. एकदा उठलेली चाकोरी अनेक दशके दिसत राहते.

बर्फाचेही तसेच. वरचा भुसभुशीत बर्फ ही जमिनीची गोधडी आहे. ती हिवाळ्याची थंडी खाली पोहोचू देत नाही. आता टुंड्रात झुडपे वाढू लागली आहेत. त्यांच्याभोवती वाऱ्याने वाहून आलेला बर्फ जास्त साचतो आणि खालची जमीन हिवाळ्यात पुरेशी थंड होत नाही. बर्फ जास्त म्हणजे जमीन जास्त गार, हा आपला अंदाज इथे उलटा पडतो.

वितळायला लागले की काय होते?

जमिनीतला बर्फ मातीच्या कणांमधल्या पोकळीपुरताच असेल तर वितळल्यावर फारसे काही होत नाही, माती जागच्या जागी राहते. पण अनेक ठिकाणी बर्फ त्या पोकळीपेक्षा खूप जास्त असतो. कडाक्याच्या थंडीत जमिनीला चिरा पडतात, वसंतात त्यांत पाणी शिरून गोठते, पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा चीर पडते. हजारो वर्षे असे चालले की बर्फाची उभी पाचर तयार होते. अशी जमीन वितळली की बर्फाने व्यापलेली जागा रिकामी होते आणि वरचे सगळे खाली बसते. सपाट मैदानात खड्डे आणि उंचवट्यांची नक्षी उमटते, झाडे दारुड्यासारखी झुकतात, खोलगट भागांत नवी तळी होतात. कधी गोठलेला तळच भेदला जातो आणि जुने तळे निचरून रिकामे होते. एकाच प्रदेशात एकीकडे दलदल वाढते आणि दुसरीकडे जमीन कोरडी पडते.

शिवाय या जमिनीत हजारो वर्षांचे अर्धवट कुजलेले वनस्पती-प्राणी अवशेष आहेत. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातला हा कार्बन आजच्या वातावरणात असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे. तो सगळा एकदम बाहेर येणार नाही. पण जमीन वितळली की जिवाणू कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन हळूहळू बाहेर पडू लागतात. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे आपण त्या जमिनीवर उभ्या असलेल्या इमारती, रस्ते आणि पाइपलाइनकडे वळू.

गोठलेल्या जमिनीत खांब कसा उभा राहतो?

साधे घर थेट या जमिनीवर बांधले, तर घरातली उष्णता फरशीतून खाली जाते आणि काही वर्षांत घराखाली वितळलेल्या मातीची वाटी तयार होते. मध्यभाग जास्त बसतो, कडा कमी बसतात आणि घर मधोमध फाटते. सोव्हिएत अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा आजही नॉरिल्स्क आणि याकुत्स्कमध्ये दिसतो. अख्खी इमारत काँक्रीटच्या खांबांवर जमिनीपासून साधारण मीटर-दोन मीटर वर उचलायची आणि खालून वारा खेळू द्यायचा. हिवाळ्यात उणे ३०-४० अंशांचा वारा इमारतीखालून वाहतो आणि जमीन गोठलेली ठेवतो.

खांब रोवण्याची पद्धतही वेगळी आहे. आधी गोठलेल्या जमिनीत भोक पाडतात, त्यात खांब उभा करतात आणि भोवतीच्या फटीत वाळू-मातीचा पातळ गारा ओततात. काही आठवड्यांत तो गारा गोठतो आणि खांबाला घट्ट चिकटतो. इमारतीचे बरेचसे वजन खांबाच्या टोकाऐवजी या चिकटलेल्या बाजूंवर तोललेले असते. थोडक्यात, इथे बर्फ हाच सिमेंट.

हे सिमेंट किती मजबूत, हे तापमानावर ठरते. इंजिनीअरिंगला पायाचा विषय शिकताना आम्ही मातीची ताकद काढायचो, तेव्हा काळ्या मातीत पाणी किती हा प्रश्न असायचा. पर्माफ्रॉस्टमध्ये प्रश्न असतो, तापमान उणे किती? चिकण मातीत शून्याखालीही थोडे पाणी द्रवरूपातच असते. तापमान शून्याच्या जवळ सरकेल तसे हे पाणी वाढत जाते आणि पकड सैल होते. उणे ३ अंशांवर असलेली पकड उणे १ अंशावर साधारण निम्मी होते.

एक हिशोब करून पाहू. आकडे ढोबळ आहेत, फक्त समजण्यासाठी. खांबाचा व्यास ४० सेंटिमीटर आणि गोठलेल्या जमिनीतली लांबी ८ मीटर धरू. त्याच्या बाजूंचे क्षेत्रफळ होते सुमारे १० चौरस मीटर. उणे ३ अंशांवर प्रत्येक चौरस मीटर साधारण २० टन तोलतो असे धरले, तर खांब २०० टन पेलेल. त्यावर प्रत्यक्ष भार १०० टन असेल, तर ताकद गरजेच्या दुप्पट आहे, अभियंता निश्चिंत.

आता जमीन उणे १ अंशावर आली. पकड निम्मी झाली. खांब १०० टन पेलतो आणि भारही १०० टनांचाच आहे. हाताशी काहीच राहिले नाही. त्यात वरचा सक्रिय थर एक मीटरने खोल गेला. मग गोठलेल्या जमिनीत खांबाचे ७ मीटरच उरले. क्षमता ८८ टनांवर आली. खांब खचायला लागला.

या हिशोबात खांबाभोवतीची जमीन शेवटपर्यंत गोठलेलीच होती. वरचा मीटरभर सोडला तर काहीही वितळले नाही. ‘बर्फ वितळला आणि इमारत पडली’ हे चित्र म्हणूनच अपुरे आहे. धोका वितळण्याच्या खूप आधी सुरू होतो.

मग नॉरिल्स्कच्या टाकीचे काय?

ती टाकी १९८० च्या दशकात बांधली होती. गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्राला राखीव इंधन म्हणून तिच्यात डिझेल साठवत. खाली काँक्रीटची फरशी आणि तिच्याखाली खांब होते. डिझेलचा भार प्रचंड, तोही सतत. अशा वेळी दोन-चार खांब जरी दगा देऊ लागले, तरी त्यांचा भार शेजारच्या खांबांवर जातो, तेही क्षमतेपलीकडे जातात आणि सगळे एका झटक्यात कोसळते. घराला जशा आधी भेगा पडून सूचना मिळते, तशी इथे मिळण्याची शक्यता कमी असते. म्हणून अशा टाकीखालच्या जमिनीचे तापमान सतत मोजणे आणि टाकीच्या पातळीत मिलिमीटरचा फरक पडला तरी नोंदवणे आवश्यक असते.

तापमानवाढ खोटी नव्हती. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे आणि २०२० मध्ये सायबेरियात विक्रमी उष्णता होती. पण टाकी ज्या काळात उभी होती, त्याच काळात आर्क्टिक तापत असल्याचे जगाला माहीत झाले होते. माहीत असलेल्या भारासाठी पूल बांधला नाही आणि तो पडला, तर आपण वाहनांना दोष देत नाही. इथेही तोच न्याय लावायला हवा.

नॉरिल्स्कमधल्या भेगाळलेल्या इमारतींची गोष्टही याच वळणाची आहे. तिथे हवामान बदललेच, पण इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गरम पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ वर्षानुवर्षे गळत राहिले. कोमट पाणी थेट खांबांच्या मुळाशी जाते, तेव्हा जमिनीचे जे नुकसान व्हायला हवेच्या तापमानवाढीला दशके लागतील, ते काही हिवाळ्यांत होते. खालची जागा कुठे कचऱ्याने, कुठे बर्फाच्या ढिगांनी बंद झाली, वारा खेळायचा थांबला. वर गोधडी आणि खाली गळके नळ असतील तर जमीन कशी गोठलेली राहणार?

क्रास्नोयार्स्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला सुमारे १४६ अब्ज रुबल, म्हणजे जवळपास दोन अब्ज डॉलर, भरपाई द्यायला सांगितले आणि कंपनीने ती भरली. ‘निसर्गाने केले’ हे उत्तर न्यायालयात पुरेसे ठरले नाही. माझ्या मते या दुर्घटनेचा सर्वात महत्त्वाचा धडा हाच आहे.

पाइपलाइन आणि रस्त्यांचे वेगळे दुखणे कोणते?

इमारत एका जागी उभी असते, पाइपलाइन मात्र शेकडो किलोमीटर जाते. वाटेत कुठे खडक, कुठे रेती, कुठे बर्फाने भरलेली माती. सगळी जमीन सारखीच खचली तर पाइपला फारसा त्रास नाही. शंभर मीटर खचले आणि पुढचे शंभर मीटर जागेवर राहिले, तर मधे पाइप वाकतो. म्हणजे मारक असतो तो खचण्यातला फरक.

अलास्कातल्या ट्रान्स-अलास्का पाइपलाइनचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या सुमारे १,२८७ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून गरम तेल वाहते. ती सगळीकडे पुरली असती, तर वाटेतली बर्फाळ जमीन वितळून गाळ झाली असती. म्हणून निम्म्याहून अधिक, सुमारे ६७५ किलोमीटर लांबी आधारांवर जमिनीच्या वरून नेली आहे. धोकादायक जमिनीतल्या आधारांमध्ये उभ्या बंद नळ्या बसवल्या आहेत. अशा नळ्यांची संख्या एक लाख २० हजारांच्या पुढे आहे.

या नळीत अमोनिया असतो आणि ती चालवायला वीज लागत नाही. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते. तळाशी असलेला अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन वायू होतो, वर जातो, तिथल्या धातूच्या पंखांमधून उष्णता हवेत टाकतो, पुन्हा द्रव होऊन खाली ओघळतो. उन्हाळ्यात वरची बाजू गरम असते, वायू थंड होत नाही आणि चक्र आपोआप थांबते. उष्णतेला फक्त बाहेर जाऊ देणारी ही एकेरी वाट आहे.

मर्यादाही तिथेच आहे. ही नळी हिवाळ्याच्या थंडीवर जगते. हिवाळे सौम्य आणि आखूड झाले की तिचे कामाचे दिवस कमी होतात. सत्तरच्या दशकातल्या हिवाळ्यांसाठी आखलेली यंत्रणा आजच्या हिवाळ्यात तेवढे काम करेलच असे नाही.

रस्त्याचे दुखणे कडेला सुरू होते. भराव घालून रस्ता केला की त्याच्या उतारावर बर्फ साचतो, गोधडी तयार होते आणि कडेची जमीन मधल्या जमिनीपेक्षा जास्त तापते. पायथ्याशी पाणी तुंबते. आधी कडा खचतात, मग रस्त्याच्या लांबीच्या दिशेने भेगा पडतात. चीनने तिबेटच्या पठारावर २००६ मध्ये पूर्ण केलेल्या रेल्वेमार्गात भरावासाठी मोठमोठे दगड वापरले, कारण दगडांमधल्या पोकळीतून हिवाळ्यात थंड हवा खाली उतरते. अगदी नाजूक जमिनीवर तर भराव टाळून पूलच बांधले. हे उपाय चालतात, पण खर्च कित्येक पट वाढतो आणि देखभाल कधीच संपत नाही.

धोका वाढतोय, हे ओळखायचे कसे?

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात, दारे अडकू लागतात, विजेचे खांब एका रांगेत राहत नाहीत, रस्त्यावर लाटा उठतात, कडेला नवी डबकी दिसतात. मात्र या खुणा दिसतात तेव्हा खाली बरेच काही होऊन गेलेले असते.

खरी नाडी कळते ती जमिनीच्या पोटात. बारीक भोक पाडून त्यात ठरावीक खोलीवर तापमापकांची माळ सोडतात आणि वर्षानुवर्षे नोंद ठेवतात. पण इथे एक फसवी गोष्ट आहे. जमीन उणे ५ वरून उणे ३ वर येताना तापमापक भराभर चढतो. शून्याजवळ आल्यावर तो जवळपास थांबतो. पाहणाऱ्याला वाटते, परिस्थिती निवळली. वास्तविक तेव्हा येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होत असते. एक किलो बर्फाचे शून्य अंशावरच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापते.

म्हणून सरासरीचे आकडे सावधपणे वाचावेत. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या, आयपीसीसीच्या, २०१९ च्या अहवालानुसार २००७ ते २०१६ या काळात जगभरातल्या पर्माफ्रॉस्टचे तापमान सरासरी ०.२९ अंशांनी वाढले. हा आकडा किरकोळ वाटतो. पण त्यात अतिथंड जमीन आहे आणि शून्याच्या उंबरठ्यावरची जमीनही आहे. उंबरठ्यावरच्या जमिनीत आकडा जवळपास हलत नाही, तरी पाया निसटत असतो. २०१८ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासाने म्हटले, की पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या सुमारे ७० टक्के पायाभूत सुविधा अशा भागांत आहेत, जिथे २०५० पर्यंत पृष्ठभागाजवळची जमीन वितळण्याची शक्यता जास्त आहे. याचा अर्थ त्या सगळ्या कोसळतील असा नाही. खाली खडक असेल तर काही होणारही नाही. पण कुठे खडक आहे आणि कुठे बर्फ, हे जागोजागी तपासावे लागेल.

जबाबदारी कुणाची?

मला इथे तीन गोष्टी स्पष्ट वाटतात. पहिली, नवे काही बांधताना पाया आजच्या तापमानावर बेतून चालणार नाही. टाकी पन्नास वर्षे टिकायची असेल, तर पन्नासाव्या वर्षी जमीन किती अंशांवर असेल, ते धरून खांबांची लांबी ठरायला हवी. खडक आवाक्यात असेल तर बर्फाच्या भरवशावर राहूच नये.

दुसरी, टाक्या, पाइपलाइन आणि वस्तीच्या इमारतींखालच्या जमिनीचे तापमान मोजणे सक्तीचे हवे आणि त्या नोंदी लोकांना पाहता यायला हव्यात. नॉरिल्स्कच्या घटनेनंतर रशियाने पर्माफ्रॉस्टच्या राष्ट्रीय निरीक्षणाची व्यवस्था उभारायला घेतली, हे स्वागतार्हच. पण देशभर दूर दूर पसरलेली केंद्रे एका विशिष्ट टाकीखाली काय चालले आहे ते सांगू शकत नाहीत. ते काम मालकाचे आहे.

तिसरी, तापमानवाढ हे कारण म्हणून सांगताना पुरावा मागायला हवा. खांब किती खोल होते, जमिनीचे तापमान शेवटचे कधी मोजले, नळ गळत होते का, ही माहिती समोर ठेवल्याशिवाय ‘हवामान बदलामुळे’ हा शब्द मान्य करू नये. नाही तर जिथे तिथे हेच कारण पुढे येईल आणि दुरुस्तीचा खर्च टाळणाऱ्यांना आयती ढाल मिळेल.

पण हा नियम सगळीकडे तसाच लावता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. अलास्कातल्या न्यूटॉक गावात यूपिक समाजाची काहीशे माणसे राहत. वितळणारी जमीन आणि नदीची धूप यांमुळे किनारा दरवर्षी मागे सरकत गेला, घरे धोक्यात आली. गावाने दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला आणि नदीपलीकडे खडकाळ जमिनीवर मर्टार्विक हे नवे गाव वसवले. २०१९ मध्ये पहिली कुटुंबे तिथे गेली. इथे खराब पाया घालणारी कंपनी नव्हती आणि गळके नळही नव्हते. या लोकांनी तापमानवाढीत फारशी भरही घातलेली नव्हती. तरी घरे सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली.

म्हणूनच हा भेद महत्त्वाचा आहे. न्यूटॉकसारख्या गावांसाठी सार्वजनिक पैसा लागणार आहे आणि तो मर्यादित आहे. ज्या कंपनीने खांब नीट रोवले नाहीत तिचे नुकसान ‘नैसर्गिक आपत्ती’च्या खात्यात टाकले, तर त्याच खात्यातून न्यूटॉकसारख्यांना द्यायला कमी उरेल. जमीन कुणामुळे निसटली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागेल. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत. जमिनीत एक भोक, त्यात तापमापकांची माळ आणि दर महिन्याला प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद. नॉरिल्स्कच्या टाकीखाली ती वेळेवर वाचली गेली असती, तर अंबारनाया नदीत डिझेल जाण्याआधी टाकी रिकामी करायला वेळ मिळाला असता.